बरणीचं झाकण आणि अंगठ्याचं मूळ

"बरणी उघडायला गेले की इथे कळ येते," असं सांगत बायका अंगठ्याच्या तळाशी, मनगटाच्या अलीकडे बोट ठेवतात. हातांच्या उपचारांचं काम करताना आठवड्यातून तीन-चारदा तरी मी हे ऐकते. पुढचे प्रश्नही ठरलेले असतात. हा संधिवात आहे का? स्वयंपाक बंद करायचा का? स्पंजचा चेंडू दाबू का? मिळालेला सल्ला मात्र बहुतेकींना "हाताला आराम द्या" एवढाच असतो. ज्यांच्या हातून रोज दोन वेळचं जेवण होतं, त्यांना या सल्ल्याचा काही उपयोग नाही. हात चालता ठेवून अंगठ्याच्या बुंध्यावरचा भार कसा कमी करायचा, हे इथे सांगते.

आधी दुखतंय नेमकं कुठे ते बघा

दुसऱ्या हाताच्या बोटाच्या टोकानं दुखरी जागा शोधा. "सगळा हातच दुखतो" म्हणणाऱ्यांनाही एक नेमकी जागा सापडते, आणि त्या जागेवरून पुढचा रस्ता ठरतो.

- अंगठ्याच्या मांसल उंचवट्याच्या तळाशी, जिथे अंगठा मनगटाला मिळतो: बरणी उघडताना, किल्ली फिरवताना, फडकं पिळताना कळ येते. कधी त्या जागी छोटंसं टेंगूळ वर आलेलं दिसतं. ही बुंध्याच्या सांध्याची झीज असण्याची शक्यता जास्त. चाळिशी-पन्नाशीनंतर, आणि विशेषतः पाळी गेलेल्या बायकांमध्ये, ती खूप आढळते. हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे.
- मनगटाच्या कडेला, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्यावर: अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे हलकेच झुकवलं की तिथे सणक जाते. हा सांधा नव्हे, तिथून जाणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्यांची सूज आहे. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांना ती होते. उपचार वेगळा आहे.
- अंगठा वाकवला की अडकतो आणि 'टक्' करून सुटतो: दोरी तिच्या नळीत अडकते आहे.
- रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होतं, मुंग्या येतात: मनगटात नस दाबली जात असावी.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर घरगुती उपाय करत थांबू नका. सांधा लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला. हातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. किंवा दोन्ही हातांचे बरेच सांधे सुजले आणि सकाळी अर्ध्या-पाऊण तासाहूनही जास्त वेळ आखडलेले राहिले, तर डॉक्टरांकडे जा. झिजेचा आखडलेपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटतो.

एक्स-रेबद्दलही सांगायला हवं. चित्रात बरीच झीज आणि दुखणं जेमतेम, किंवा चित्र साधं आणि दुखणं जबर, हे दोन्ही मी रोज पाहते. त्यामुळे "हाड घासलंय" हे शब्द ऐकून हातपाय गाळू नका. काय करायचं ते चित्रावरून ठरत नाही. तुम्हाला काय करता येतं आणि कशानं दुखतं, यावरून ते ठरतं.

झाकणच का दुखवतं?

अंगठ्याच्या मुळाशी एक छोटं हाड असतं आणि त्यावर अंगठ्याचं लांब हाड घोड्यावरच्या खोगिरासारखं बसलेलं असतं. म्हणून अंगठा सगळीकडे फिरतो, पण तेवढ्याच सहजपणे तो जागेवरून घसरूही शकतो. त्याला जागेवर धरण्याचं काम आजूबाजूचे बंध आणि स्नायू करतात. वयानुसार बंध सैल पडले की जोर लावताना हाडाचा पाया थोडा बाहेर सरकतो आणि सांध्याची कड घासली जाते.

बरणी उघडताना अंगठा पूर्ण फाकलेला असतो, टोकानं झाकण घट्ट दाबलेलं असतं आणि त्यात पिळाची भर पडते. फाकणं, दाबणं, पिळणं हे तिन्ही एकदम होतं. १९७७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हाताच्या भाराचं गणित मांडलं. त्यानुसार अंगठ्याच्या टोकाशी एक किलोचा चिमटा घेतला, तर बुंध्याच्या सांध्यावर साधारण १२ किलोचा भार पडतो. घट्ट झाकणाला तुम्ही एका किलोहून कितीतरी जास्त जोर लावता, म्हणजे सांध्यावर काय पडत असेल ते लक्षात येईल. हे गणित आपल्या फायद्याचंही आहे: टोकाशी थोडासा जोर कमी केला तरी मुळाशी मोठी सुटका होते.

बरणी उघडायची रीत

पहिलं काम म्हणजे झाकण सैल करणं. जोर त्यानंतर लावायचा. विकतच्या जॅमच्या किंवा लोणच्याच्या बाटलीचं नवं झाकण आतल्या निर्वात पोकळीमुळे घट्ट असतं. झाकणाच्या कडेखाली चमच्याचं मागचं टोक सरकवून हलकेच उचला. 'टक्' आवाज आला की हवा आत गेली, आणि झाकण जवळजवळ आपोआप फिरतं. साखर किंवा तेल सुकून चिकटलेल्या धातूच्या झाकणावर आधी अर्धा मिनिट गरम पाणी सोडा.

मग पुढच्या पायऱ्या करा:

1. बरणी ओट्यावर न ठेवता खालच्या पातळीवर ठेवा. सिंकमध्ये किंवा टेबलावर, ओल्या फडक्याच्या घडीवर. फडक्यामुळे बरणी फिरत नाही आणि दुसऱ्या हातानं तिला आवळून धरावं लागत नाही.
2. झाकणावर रबरी हातमोजा किंवा कपाटात पसरायची जाळीदार रबरी चटई ठेवा.
3. त्यावर उघडा तळवा सपाट ठेवा. अंगठा बाकीच्या बोटांना चिकटलेला असू द्या, पकडीत आणू नका.
4. कोपर सरळ ठेवून शरीराचं वजन तळव्यावर टाका आणि खांद्यातून हात फिरवा. मनगटातून पिळू नका.

हे वाचायला अवघड वाटतं, पण दोन-तीनदा केलं की हाताला वळण लागतं. तळव्यानं फिरत नसलेलं झाकण बोटांनी पिळून उघडू नका, तेव्हा झाकणाला धरणारा पट्ट्याचा किंवा कातरीसारखा ओपनर वापरा. भिंतीला किंवा कपाटाच्या खालच्या फळीला बसवायचा व्ही आकाराचा ओपनर मिळाला तर उत्तम. त्यात झाकण अडकवून दोन्ही हातांनी बरणीच फिरवायची असते.

झाकण बंद करतानाची चूक कुणी सांगत नाही. आपणच ते पूर्ण जोरानं आवळतो आणि दुसऱ्या दिवशी तोच जोर लावून उघडतो. रोज लागणाऱ्या हळद, तिखट, मीठ, जिऱ्याला फिरकीचं झाकण मुळात नकोच. वर उचलायचं सैल झाकण किंवा दाबून उघडायचा डबा घ्या. वर्षाच्या लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीला दादरा बांधायची जुनी पद्धत अंगठ्याला सोयीची होती. फक्त सुतळीच्या गाठीऐवजी रुंद इलॅस्टिक घाला, कारण गाठ सोडताना चिमटाच वापरावा लागतो.

एका स्वयंपाकघरात आठवडाभर काय दिसलं

पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक ताई माझ्याकडे आल्या. वय चोपन्न, रोज दोनशेच्या आसपास पोळ्या. उजव्या अंगठ्याचं मूळ सहा महिने दुखत होतं. दोष लाटण्याचा आहे, असं त्यांनी धरलं होतं, आणि केंद्र बंद करावं लागणार या धास्तीनं त्या रात्री जागत होत्या.

मी त्यांना फ्रिजला एक कागद चिकटवायला सांगितला. कळ आली की ती कोणत्या कामात आली तिथे रेघ मारायची, दुसरं काही लिहायचं नाही. आठवड्यानं कागद आला तेव्हा लाटण्यासमोर मोजून दोन रेघा होत्या. सर्वांत जास्त रेघा सांडशीसमोर होत्या. भरलेलं भाजीचं पातेलं त्या एका हाताच्या सांडशीनं उचलून दुसऱ्या भांड्यात ओतत, आणि तेवढा वेळ अंगठा बोटांवर दाबून सगळं वजन पेलत असे. त्याखालोखाल मसाल्याच्या फिरकीच्या बरण्या, मग ओटा पुसायचं जाड फडकं पिळणं, मग लाट्या तोडणं. कणकेतून प्रत्येक लाटी अंगठा आणि तर्जनीनं खुडून काढली जात होती, म्हणजे दिवसाला दोनशे चिमटे.

आम्ही चारच गोष्टी बदलल्या. पातेल्यांच्या जागी दोन कानांच्या कढया आल्या. त्या दोन्ही हातांत जाड फडकं घेऊन तळव्यांवर उचलायच्या, आणि शक्य तिथे न उचलता डावानं काढायच्या. मसाल्यांना वर उचलायच्या झाकणाचे डबे आले. जाड फडक्याचे चार तुकडे झाले, आणि तुकडा पिळण्याऐवजी सिंकच्या तळाशी तळव्यानं दाबून पाणी काढायचं ठरलं. लाट्यांसाठी कणकेची लांब वळी करून सुरीनं कापायची. पोळ्यांची संख्या आम्ही बदलली नाही.

सहा आठवड्यांनी त्यांचं दुखणं दहापैकी सातवरून तीनवर आलं होतं. पूर्ण गेलं नव्हतं, आणि गणपतीत एकवीस मोदकांच्या कळ्या काढताना पुन्हा चढलं. पण केंद्र चालू राहिलं. त्यांची आणि तुमची यादी वेगळी असेल, म्हणून आधी कागद लावा. अंदाजानं चुकीचं काम सोडलं जातं आणि खरं दुखवणारं काम चालूच राहतं.

रोजच्या कामात काय बदलायचं

- कणीक मळताना: पाणी घालून पीठ जेमतेम गोळा करा आणि झाकून वीस-तीस मिनिटं ठेवा. ते स्वतःच नरम पडतं, मळायचे कष्ट निम्मे होतात. मग मुठीच्या मागच्या बाजूनं किंवा तळव्याच्या टाचेनं मळा. अंगठ्यानं दाबू नका.
- लाटताना: लाटण्याच्या टोकांना मूठ मारू नका. उघडे तळवे वरून फिरू द्या.
- चिरताना: बारीक मुठीची सुरी अंगठ्याची वैरी आहे. मुठीवर फोम किंवा सायकलच्या हँडलची ग्रिप चढवून ती आगपेटीच्या रुंदीएवढी जाड करा. सुरण, लाल भोपळा चिरून आणा किंवा आधी वाफवा. विळीवर चिरायची सवय असेल तर टणक भाज्या तिच्यावर घेऊ नका, कारण तिथे अंगठ्यानंच भाजी पात्यावर लोटावी लागते.
- लसूण सोलताना: पाकळ्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, किंवा सुरीच्या सपाट बाजूनं तळव्यानं दाबा. साल सुटतं.
- कुकर: वाफ पूर्ण गेल्यावरच झाकणाला हात लावा. तळव्याच्या टाचेनं दांडा ढकला. रिंग कोरडी असेल तर तेलाचा हात फिरवा.
- सणाचं काम: मोदकाच्या कळ्या, करंजीची मुरड, चकलीचा सोऱ्या ही तीन सर्वांत जड. एकवीस मोदक सात-सात करून तीन बैठकांत करा, मुरडीऐवजी कातण फिरवा, आणि फिरकीचा सोऱ्या घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती द्या. हे मागायला संकोचू नका.

एवढं करूनही आज जास्त झालं का, हे कसं कळणार? काम संपल्यावर वाढलेलं दुखणं दोन तासांत पूर्वपदावर आलं, तर चालण्याजोगं आहे. दोन तासांनंतरही ठणकत राहिलं, तर तेच काम पुढच्या वेळी कमी करा किंवा तुकड्यांत करा.

पट्टा, व्यायाम आणि मलम

बाजारातले पट्टे पुष्कळ आहेत आणि बहुतेक जण चुकीचा घेतात. मनगट जखडणारा लांब पट्टा बांधून स्वयंपाक होत नाही, म्हणून तो चार दिवसांत कपाटात जातो. तुम्हाला हवा आखूड पट्टा. तो अंगठ्याच्या मुळाला आधार देतो, पण मनगट आणि अंगठ्याचं टोक मोकळं ठेवतो. मऊ कापडी पट्टा हलक्या कामाला पुरतो. कडक प्लास्टिकचा पट्टा ऑक्युपेशनल थेरपिस्ट तुमच्या हातावर बेतून बनवतात, तो जास्त टिकाऊ. तो गरम पाण्यात मऊ करूनच घडवलेला असतो, म्हणून गॅसजवळ, गरम तव्याजवळ किंवा उकळत्या पाण्यात नेऊ नका, आकार बिघडतो. कापडी पट्टाही ज्योतीपासून दूर ठेवा. पीठ मळताना काढा, आणि जड कामांत आणि नंतर विश्रांतीत घाला. दोन-चार दिवसांत फरक दिसत नाही, किमान तीन महिने नेमानं वापरून मग ठरवा.

व्यायामात सर्वांत मोठी चूक म्हणजे स्पंजचा चेंडू आवळणं. दुखऱ्या सांध्यावर तो तोच भार आणतो, जो आपण दिवसभर कमी करत असतो. त्याऐवजी हे तीन करा, दिवसातून दोनदा, दुखेल तिथे थांबून:

1. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल पडद्याला दुसऱ्या हाताच्या अंगठ्या-बोटांनी मिनिटभर हलकं चोळा. तिथला स्नायू आखडला की अंगठा आत ओढला जातो. दुसरा अंगठाही दुखत असेल, तर टेबलाच्या गोल कडेवर तो भाग टेकवून दाबा.
2. हातात पेला धरल्यासारखा अंगठा आणि तर्जनीचा गोल 'C' करा. अंगठ्याचा प्रत्येक सांधा गोलाकार राहिला पाहिजे, मधला सांधा मागे मोडता कामा नये. पाच सेकंद धरा, दहा वेळा.
3. हात टेबलावर पालथा ठेवून तर्जनी मधल्या बोटापासून अंगठ्याच्या दिशेला सरकवा. सोपं वाटलं की दोन्ही बोटांभोवती सैल रबरबँड घाला. दहा वेळा. हा छोटा स्नायू बुंध्याच्या हाडाला जागेवर धरायला मदत करतो.

गोळीआधी मलम वापरा. डायक्लोफिनॅकचं मलम हाताच्या झिजेत चांगलं काम करतं आणि पोटावर ताण कमी येतो. पण स्वयंपाक करणाऱ्यांनी वेळ सांभाळावी. मलम लावल्यावर निदान तासभर हात धुवायचा नसतो, आणि मलम लागलेल्या हातानं कणीक मळायची नसते. म्हणून रात्री ओटा आवरून झाल्यावर लावा. वर गच्च पट्टी बांधू नका, शेकूही नका. शेकायचं असेल तर सकाळी, दहा मिनिटं सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून. दुखण्याच्या गोळ्या रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर किंवा रक्त पातळ करणारं औषध असेल तर स्वतःच्या मनानं घेऊ नका, त्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया

सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं की काही आठवडे ते काही महिने बरं वाटू शकतं, मग परिणाम ओसरतो. एखाद्या जड महिन्यातून निभावून जाण्यापुरतं ते योग्य, वरचेवर नको. नेमकं सांध्यात बसण्यासाठी ते या कामात मुरलेल्या डॉक्टरांकडून घ्या.

शस्त्रक्रियेचा विचार पट्टा, व्यायाम आणि कामातले बदल काही महिने मनापासून करूनही रात्री झोप येत नसेल, तेव्हाच. प्रचलित शस्त्रक्रियेत मुळाचं झिजलेलं छोटं हाड काढून टाकतात. दुखणं बहुतेकांचं चांगलं कमी होतं, पण चार-सहा आठवडे प्लास्टर किंवा पट्टा असतो आणि पूर्ण ताकद यायला तीन ते सहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात. एकटीच्या हातावर घर चालत असेल, तर हे दिवस कोण सांभाळणार, हे तारीख घेण्याआधी ठरवा.

कुठे जायचं आणि कामावर काय मागायचं

"हाताच्या झिजेला थेरपिस्ट असतो?" असं अनेक जण विचारतात. असतो, आणि सरकारी दरातही भेटतो. मुंबईत केईएम, नायर, शीव ही महापालिका रुग्णालयं, हाजी अलीची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था, आणि नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे ऑक्युपेशनल थेरपी विभाग आहेत. जाताना तुमची नेहमीची सुरी, सांडशी आणि सर्वांत त्रास देणारी बरणी पिशवीत घालून न्या. हातात वस्तू दिसली की सल्ला नेमका मिळतो.

हॉटेल, कँटीन किंवा मेसमध्ये पगारावर काम करत असाल, तर पगारपत्रकात ईएसआयची कपात आहे का बघा. साधारणतः दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ही योजना लागू असते. कार्डावर तुमचा आणि कुटुंबाचा उपचार होतो. डॉक्टरांनी काम बंद सांगितलं, आणि ठरावीक दिवसांची वर्गणी जमा असली, तर आजारपणाच्या दिवसांत वेतनाच्या सुमारे ७० टक्के रक्कम, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. कपात होत असूनही कार्ड मिळालं नसेल, तर मालकाकडे लेखी मागा.

दुखतंय म्हणून घरी बसण्यापेक्षा बहुतेकांना कामाची अदलाबदल हवी असते. त्यासाठी डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, पण तिच्यावर नुसतं "हलकं काम द्यावं" लिहून घेऊ नका. मालकाला त्यातून काय टाळायचं ते कळत नाही. चिठ्ठीत असं असावं: "उजव्या अंगठ्याच्या बुंध्याच्या सांध्याची झीज. तीन महिने एका हातानं भरलेलं भांडं उचलणं, फडकी पिळणं आणि घट्ट झाकणं उघडणं टाळावं. लाटणं, फोडणी आणि वाढणं करता येईल." चिठ्ठीची एक प्रत स्वतःकडे ठेवा आणि मालकाच्या प्रतीवर तारीख घालून सही घ्या.